कोणत्या वयाचे कासव वाचवायचे?

प्राण्यांच्या संख्येचे गणित शिकू पाहणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. या विषयाला समीकरणांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. मी इथे एका प्रत्यक्ष निर्णयापासून सुरुवात करतो, कारण समीकरणे त्या निर्णयासाठीच मांडली गेली होती. एखाद्या प्राण्याची संख्या घटते आहे, हाताशी पैसा आणि माणसे मोजकी आहेत, आणि त्या प्राण्याच्या आयुष्यात अंडी, पिल्ले, अर्धवट वाढलेले आणि प्रौढ असे अनेक टप्पे आहेत. यांतल्या कोणत्या टप्प्यावर मेहनत घेतली तर संख्या सावरेल? अवस्थानिहाय मॅट्रिक्स मॉडेल आणि त्याचे संवेदनशीलता-लवचिकता विश्लेषण हे या प्रश्नाला उत्तर देण्याचे साधन आहे. ते नीट समजावे म्हणून मी एकच उदाहरण घेणार आहे. ते आहे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील लॉगरहेड कासवांचे.

हे उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी १९८७ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात ते मांडले. त्या काळी कासव संरक्षणाचा बहुतेक भर किनाऱ्यावर होता. घरटी राखायची, अंडी रॅकूनांपासून आणि माणसांपासून वाचवायची, पिल्ले सुखरूप समुद्रात सोडायची. हे काम डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि त्यात स्वयंसेवकांना सामील करून घेता येते. शिवाय कासवाच्या आयुष्यात सर्वाधिक जीव सुरुवातीलाच जातात, ही समजूत सर्वांच्या मनात पक्की होती. त्यामुळे सगळे बळ तिथेच लावावे, हा निष्कर्ष ओघानेच यायचा. त्या तिघांनी हा निष्कर्ष गणिताने तपासला.

माहिती कशी मांडतात

जॉर्जिया राज्यातील लिटल कंबरलँड बेटावर अंडी घालायला येणाऱ्या माद्यांच्या दीर्घकालीन नोंदी हा या मॉडेलचा मुख्य आधार होता. कासवाचे वय बाहेरून सांगता येत नाही. मात्र त्याच्या कवचाची लांबी मोजता येते आणि लांबीवरून ते आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगता येते. म्हणून वर्षागणिक वयाऐवजी अवस्था धरल्या. पी. एच. लेस्ली यांनी १९४५ मध्ये वयोगटांचे मॅट्रिक्स मांडले होते आणि एल. पी. लेफकोविच यांनी १९६५ मध्ये त्याला अवस्थांचे रूप दिले. कासवांसारख्या प्राण्यांना हे दुसरे रूपच सोयीचे पडते.

लॉगरहेडच्या आयुष्याचे सात भाग केले गेले. अंडी आणि नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले, म्हणजे पहिले वर्ष. १ ते ७ वर्षांची लहान पिल्ले. ८ ते १५ वर्षांची मोठी पिल्ले. १६ ते २१ वर्षांची, वयात येऊ घातलेली कासवे. २२ व्या वर्षी पहिल्यांदा अंडी घालणाऱ्या माद्या. त्यानंतरच्या वर्षातील माद्या. आणि २४ व्या वर्षापासून पुढच्या प्रौढ माद्या.

प्रत्येक अवस्थेबद्दल तीन गोष्टी विचारल्या जातात. या अवस्थेतील कासव वर्षभर जगून त्याच अवस्थेत राहण्याची शक्यता किती? जगून पुढच्या अवस्थेत जाण्याची शक्यता किती? आणि एका मादीमागे वर्षाला किती अंडी? उदाहरणादाखल मोठी पिल्ले पाहू. त्यांचे वार्षिक जगण्याचे प्रमाण ०.६७५८ धरले आहे, म्हणजे दरवर्षी १०० मागे ३२ मरतात. जे जगतात त्यांतले बहुतेक अजून मोठी पिल्लेच असतात. ज्यांची आठ वर्षे भरली असतील तेवढीच पुढे सरकतात. म्हणून ०.६७५८ चे दोन वाटे होतात. त्याच अवस्थेत राहण्याचा वाटा ०.६६१०, पुढे जाण्याचा ०.०१४७. हे दोन्ही आकडे मॅट्रिक्समध्ये वेगवेगळ्या जागी बसतात. हे विभाजन लक्षात ठेवावे, कारण पुढे एक महत्त्वाची गोष्ट त्यावरच अवलंबून आहे.

संपूर्ण मॅट्रिक्स आणि त्याचे विश्लेषण आर या संगणक-भाषेत आठ ओळींत मावते. वाचकाने ते स्वतः चालवून पाहावे.

```r
A <- matrix(0, 7, 7)
A[1, 5:7] <- c(127, 4, 80)
diag(A) <- c(0, .7370, .6610, .6907, 0, 0, .8089)
A[cbind(2:7, 1:6)] <- c(.6747, .0486, .0147, .0518, .8091, .8091)
e <- eigen(A); lambda <- Re(e$values[1])
w <- Re(e$vectors[, 1]); v <- Re(eigen(t(A))$vectors[, 1])
S <- v %*% t(w) / sum(v * w)
E <- S * A / lambda
```

दुसऱ्या ओळीत अंड्यांचे आकडे आहेत, तिसरीत त्याच अवस्थेत राहण्याचे आणि चौथीत पुढे जाण्याचे. पाचव्या ओळीत मॅट्रिक्सचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य λ मिळते. दर वर्षी एकूण संख्येला ज्या आकड्याने गुणले जाते तो हा λ. १ असेल तर संख्या स्थिर, जास्त असेल तर वाढती, कमी असेल तर घटती. लॉगरहेडसाठी उत्तर येते ०.९४५. म्हणजे दरसाल साडेपाच टक्के घट आणि सुमारे १२ वर्षांत संख्या निम्मी.

दोन माहितीपूर्ण याद्या

λ च्या जोडीला दोन याद्या मिळतात. `w` ही स्थिर अवस्थेतील विभागणी. `w` ची बेरीज १०० करून घेतली, तर घट अशीच चालू राहिल्यास १०० कासवांत कोणत्या अवस्थेची किती असतील, ते ती सांगते. अंडी-पिल्ले २१, लहान पिल्ले ६७, मोठी पिल्ले ११ आणि उरलेल्या चारही अवस्था मिळून एकसुद्धा नाही. किनाऱ्यावर येणारी प्रौढ मादी ही संपूर्ण संख्येचा किती लहान अंश आहे, ते इथे दिसते. घरटी मोजणारा अभ्यासक खरे तर या अंशावरून साऱ्या कासवांचा अंदाज बांधत असतो.

`v` ही प्रजनन-मूल्यांची यादी. आज या अवस्थेत असलेले एक कासव भविष्यातील संख्येत किती भर घालेल, हे ती पहिल्या अवस्थेच्या तुलनेत सांगते. अंड्याचे मूल्य १ धरले तर लहान पिल्लाचे १.४, मोठ्या पिल्लाचे ६, वयात येऊ घातलेल्याचे सुमारे ११६ आणि प्रौढ मादीचे ५८८ च्या घरात. मोठ्या पिल्लाच्या ६ वरून पुढच्या अवस्थेच्या ११६ वर झालेली उडी पाहा. या दोन अवस्थांमध्ये एक खडतर मजल आहे आणि ती पार करणारी कासवे फार थोडी आहेत, हे त्या उडीतून कळते.

संवेदनशीलता या दोन याद्यांच्या गुणाकारातून मिळते. कॅसवेल यांनी १९७८ मध्ये हे सूत्र मांडले:

`s_ij = v_i * w_j / sum(v * w)`

मॅट्रिक्समधील एखादा आकडा अगदी थोडा बदलला तर λ किती बदलेल, याचे हे उत्तर आहे. त्यातला अर्थ साधा आहे. ज्या अवस्थेत पुष्कळ जीव आहेत तिथून, ज्या अवस्थेचे प्रजनन-मूल्य मोठे आहे तिकडे जाणारी वाट थोडी जरी रुंद झाली तरी परिणाम मोठा होतो.

परंतु आकडे प्रत्यक्ष पाहिले की अडचण समोर येते. मोठ्या पिल्लाने पुढच्या अवस्थेत जाण्याची संवेदनशीलता ३.२८ येते आणि प्रौढ मादीच्या अंड्यांची ०.०००५ सुद्धा भरत नाही. यावरून अंडी निरुपयोगी ठरवणे चूक आहे, कारण दोन्हींची मापे वेगळी आहेत. एका बाजूला ८० अंड्यांत एका अंड्याची भर आहे. दुसऱ्या बाजूला ०.०१४७ या शक्यतेत पूर्ण १ ची भर आहे आणि शक्यता १ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून बदल टक्केवारीत मोजायचा. आकडा एक टक्का वाढला तर λ किती टक्के वाढतो, ही झाली लवचिकता:

`e_ij = (a_ij / lambda) * s_ij`

या रूपाचा आणखी एक फायदा असा की मॅट्रिक्समधल्या सर्व लवचिकतांची बेरीज नेमकी १ होते. त्यामुळे λ मध्ये कोणाचा किती वाटा, असे बोलता येते. लॉगरहेडच्या बाबतीत त्याच अवस्थेत जगून राहण्याचा वाटा ०.६७, पुढे सरकण्याचा ०.२८ आणि अंड्यांच्या संख्येचा ०.०५.

अंड्यांचा वाटा इतका कमी का

नवा वाचक या ०.०५ पाशी अडखळतो. अंडी नसतील तर कासवेच नसतील, मग त्यांचा वाटा विसावा हिस्सा कसा? लवचिकतांचा तक्ता बारकाईने पाहिला की उत्तर मिळते. पहिल्या वर्षी जगून लहान पिल्लू होण्याची लवचिकता ०.०५१ आहे. लहान पिल्लाचे मोठे पिल्लू होण्याची ०.०५१. त्याच्या पुढच्या दोन टप्प्यांचीही ०.०५१. आणि सर्व वयांच्या अंड्यांची मिळून तीच ०.०५१. प्रत्येक कासवाला या पायऱ्या आयुष्यात एकदाच चढाव्या लागतात, म्हणून त्यांचे वजन समान आहे. हा आकडा १ भागिले १९.६ आहे आणि १९.६ वर्षे हा या मॉडेलमधील एका पिढीचा सरासरी काळ आहे. पिढी जितकी लांब, तितका अंड्यांचा आणि पहिल्या वर्षाचा वाटा लहान. दोन-तीन वर्षांत पिढी उलटणाऱ्या प्राण्यात हाच वाटा मोठा असतो आणि तिथे पिल्लांचे पहिले वर्ष वाचवणे हाच उत्तम उपाय ठरू शकतो. त्यामुळे कासवांचा निष्कर्ष उचलून दुसऱ्या प्राण्याला लावू नये.

आता आधी लक्षात ठेवायला सांगितलेले विभाजन पाहू. मोठ्या पिल्लांच्या स्तंभात दोन लवचिकता आहेत. राहण्याची ०.१२ आणि पुढे जाण्याची ०.०५. बेरीज ०.१७. ती प्रौढांच्या ०.२३ पेक्षा कमी दिसते. इथे थांबलो तर निर्णय प्रौढांच्या बाजूने जाईल. मात्र समुद्रात आपण ‘राहण्याची शक्यता’ आणि ‘पुढे जाण्याची शक्यता’ वेगवेगळी बदलत नाही. आपण बदलतो ते दरवर्षीचे जगण्याचे प्रमाण. ते वाढले की दोन्ही शक्यता एकाच वेळी वाढतात. पुढे जाण्याची शक्यता तर आठ वर्षे सलग जगण्यावर अवलंबून असल्यामुळे फार वेगाने वाढते. वार्षिक जगण्याचे प्रमाण हे मूळ परिमाण धरून हिशेब केला की लवचिकता अशा येतात: पहिले वर्ष ०.०५, लहान पिल्ले ०.३९, मोठी पिल्ले ०.४३, वयात येऊ घातलेली ०.३२ आणि अंडी घालणाऱ्या तिन्ही अवस्था मिळून ०.३१. या आकड्यांची बेरीज १ होत नाही आणि ती होण्याचे कारणही नाही. पण क्रम उलटला, ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मॅट्रिक्समधल्या खणाची लवचिकता आणि जगण्याच्या दराची लवचिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षणाचा निर्णय दुसरीवरून घ्यायचा असतो. या क्षेत्रातले लेख वाचताना आकडा कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहावे.

आता मोठ्या पिल्लांच्या ०.४३ ला ८ ने भागा, लहान पिल्लांच्या ०.३९ ला ७ ने आणि पुढच्यांच्या ०.३२ ला ६ ने. तिन्ही उत्तरे ०.०५ च्या आसपास येतात, म्हणजे पहिल्या वर्षाइतकीच. वयात येण्यापूर्वीच्या कोणत्याही एका वर्षाचे वजन दुसऱ्या वर्षापेक्षा फारसे वेगळे नाही. मोठी पिल्ले महत्त्वाची ठरतात, कारण ती आठ वर्षे त्या अवस्थेत असतात आणि एकच उपाय आठही वर्षे लागू पडू शकतो.

कागदावरून समुद्राकडे

या निष्कर्षाचे बळ किती, ते एका सरळ हिशेबाने तपासता येते. संख्या स्थिर राहायची तर एका प्रौढ मादीमागे पुढच्या पिढीत एक प्रौढ मादी तयार व्हायला हवी. या आकड्यांप्रमाणे १०,००० अंड्यांतून सुमारे ९ कासवे वयात येतात आणि मॉडेलप्रमाणे एक मादी आयुष्यभरात सुमारे ४०० अंडी घालते. गुणाकार येतो ०.३७. तो १ व्हायचा तर कुठेतरी २.७ पटींची भर पडली पाहिजे.

ही भर किनाऱ्यावर मिळेल का? पहिल्या वर्षी जगण्याचे प्रमाण ०.६७४७ आहे. प्रत्येक अंडे आणि प्रत्येक पिल्लू वाचवले तर ते १ होईल, म्हणजे १.४८ पट. ०.३७ चे ०.५४ होतील. λ ०.९४५ वरून ०.९६५ वर येईल आणि संख्या तरीही दरसाल साडेतीन टक्क्यांनी घटत राहील. निम्मे व्हायला १२ ऐवजी १९ वर्षे लागतील, एवढाच फरक. पहिल्या वर्षाचा आकडा अंदाजात चुकला असेल, तरी हा निकाल बदलत नाही. तो आकडा काहीही असला तरी त्याची कमाल मर्यादा १ आहे, आणि १ धरूनच ०.५४ मिळाले आहेत. मूळ माहिती अपुरी असतानाही काही निष्कर्ष भक्कम असतात. ते असे ओळखता येतात.

मोठ्या पिल्लांचे वार्षिक जगण्याचे प्रमाण ०.६७५८ म्हणजे पहिल्या वर्षाइतकेच आहे. तिथेही वाढीला वाव १.४८ पटच. पण तो आठ वर्षे, दर वर्षी पुन्हा. आज १००० मोठ्या पिल्लांतून आठ वर्षांनी ४४ उरतात. जगण्याचे प्रमाण ०.७७ झाले, म्हणजे दरवर्षी ३२ टक्क्यांऐवजी २३ टक्के मेली, तर सुमारे १२० उरतात. ही जवळपास पावणेतीन पट झाली आणि तेवढ्याने संख्या सावरते. किनाऱ्यावर शंभर टक्के यश मिळूनही जे साधत नाही, ते इथे मृत्यू पाव हिश्शाहून थोडे अधिक कमी केल्याने साधते.

तरीही लवचिकतेचा तक्ता एकटा निर्णय देत नाही. लहान पिल्लांचा आकडा ०.३९ आणि मोठ्यांचा ०.४३, यांत फार अंतर नाही. अवस्थांच्या सीमा एखाद्या वर्षाने सरकवल्या तर क्रमही बदलू शकतो. मग मोठीच पिल्ले का? लहान पिल्ले अटलांटिकच्या खुल्या पाण्यात विखुरलेली असतात, तिथे त्यांच्यासाठी फारसे काही करता येत नाही. मोठी पिल्ले किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात चरायला येतात आणि तिथेच कोळंबीचे ट्रॉलर जाळी ओढत असतात. ओढत्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि ते बुडून मरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० च्या अहवालात कोळंबीच्या जाळ्यांत दरवर्षी ५,००० ते ५०,००० लॉगरहेड मरत असावीत, असा अंदाज दिला. हा मृत्यू माणसाच्या हातचा आहे, तो एका विशिष्ट ठिकाणी आणि एका विशिष्ट साधनाने होतो. म्हणूनच तो थांबवता येतो.

त्यासाठीचे साधन तयार होते. टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस, बोलण्यात ‘टेड’. जाळ्याच्या निमुळत्या भागात तिरकी बसवलेली गजांची चौकट. गजांमधली फट जास्तीत जास्त चार इंच. कोळंबी त्यातून मागच्या पिशवीत जाते. कासव गजांवर आपटते, उतारावरून घसरत वरच्या किंवा खालच्या झडपेपर्यंत येते आणि झडप लोटून बाहेर पडते. अमेरिकी शासनाने १९८७ मध्येच टेडचे नियम काढले आणि पुढील वर्षांत ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. मच्छीमारांचा त्याला कडवा विरोध होता. त्या वादात मॉडेलमुळे एका प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळाले. घरटी राखतो आहोतच, मग जाळी कशाला बदलायची, असे कोणी विचारले तर त्याला ०.५४ हे उत्तर होते.

कुठे चुकते आणि ते कसे ओळखावे

टेड आल्यानंतरची हकिगत शिकाऊ वाचकाला फार उपयोगी आहे. किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या मृत लॉगरहेडची मापे घेतल्यावर त्यांत मोठ्या कासवांचे प्रमाण लक्षणीय आढळले. ही कासवे टेडच्या झडपेतून बाहेर पडू शकणार नाहीत इतकी मोठी होती. म्हणजे उपाय पिल्लांना लागू पडत होता, पण वयात येऊ घातलेल्या आणि प्रौढ कासवांना नाही. त्या अवस्थांची लवचिकताही ०.३ च्या वर असल्याने नुकसान मोठे होते. २००३ मध्ये झडपांचे किमान माप वाढवण्याचा नियम करण्यात आला. यातून धडा असा घ्यायचा की उपाय नेमका कोणत्या अवस्थेच्या कोणत्या दराला हात लावतो, हे मोजून पाहावे लागते. मॉडेलमध्ये ‘मोठी पिल्ले’ असे नाव दिलेल्या खणाशी तो जुळत असेल असे गृहीत धरू नये. पाहायचे ते मेलेल्या प्राण्यांच्या मापांकडे, कारण अपयश प्रथम तिथे दिसते.

दुसरी गोष्ट काळाची. आज वाचवलेले आठ वर्षांचे पिल्लू २२ व्या वर्षी अंडी घालेल. म्हणजे घरट्यांच्या मोजणीत त्याचा परिणाम १४ वर्षांनी दिसेल. १५ वर्षांचे पिल्लू असेल तरी सात वर्षे थांबावे लागेल. मधल्या काळात घरटी कमी होत राहिली तर उपाय फसला, असे म्हणता येत नाही आणि वाढली तर त्याचे श्रेय लगेच उपायाला देता येत नाही. λ आणि लवचिकता ही दोन्ही स्थिरावलेल्या विभागणीसाठीची उत्तरे आहेत. अवस्थांची विभागणी नुकतीच ढवळली गेली असेल तर पहिली काही वर्षे संख्या वेगळीच चाल दाखवते. म्हणून घरट्यांबरोबर किनाऱ्यालगतच्या पाण्यातील पिल्लांचीही मोजणी लागते.

तिसरी गोष्ट उताराची. लवचिकता ही आजच्या आकड्यांजवळ, अगदी लहान बदलासाठी खरी असते. मोठा बदल अपेक्षित असेल तर तक्त्यातला आकडा गुणून चालत नाही. मॅट्रिक्समध्ये नवा आकडा घालून λ पुन्हा काढावा लागतो. वर ०.७७ चा हिशेबही मी लवचिकतेने न करता नवा आकडा घालूनच केला आहे. अंड्यांच्या बाबतीत हे विसरले तर घात होतो. ०.०५ पाहून घरटी सोडून दिली आणि पहिल्या वर्षी जगण्याचे प्रमाण दहाव्या हिश्शावर आले, तर संख्या स्थिर ठेवायला २.७ ऐवजी २७ पटींची भर लागेल. मोठ्या पिल्लांतले एकही न मरता आठही वर्षे पार पडली, तरी २३ पटींवर भर मिळत नाही. म्हणजे अंड्यांचे संरक्षण पुरेसे नसले तरी आवश्यक आहे. कमी लवचिकतेचा अर्थ ‘याकडे दुर्लक्ष चालेल’ असा नाही. सध्याच्या पातळीवर इथे आणखी मेहनत घालून फारसे मिळणार नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

चौथी गोष्ट आकड्यांच्या खात्रीची. प्रौढ माद्यांचे जगणे खुणा लावून आणि परत आलेल्या माद्या ओळखून मोजता आले. खुल्या समुद्रातल्या लहान पिल्लांचे असे मोजता येत नाही, तिथे अनुमान करावे लागते. अवस्थेचा कालावधीही अंदाजाचा असतो, आणि मॉडेलमध्ये एखादे पिल्लू ती अवस्था आठ वर्षांआधीच ओलांडते, एखादे नंतर. म्हणून शहाणा अभ्यासक एकच मॅट्रिक्स धरून बसत नाही. ज्या आकड्यांची खात्री नाही ते शक्य त्या मर्यादांत बदलून शेकडो मॅट्रिक्स बनवतो आणि प्रत्येकात क्रम तोच राहतो का ते पाहतो. क्रम टिकला तर निर्णय घेता येतो. तो डळमळला तर ज्या आकड्यामुळे डळमळतो, त्याची मोजणी हे पुढचे काम ठरते. मोजणीसाठीचा पैसा कुठे खर्च करावा हेही लवचिकताच सांगते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

आपल्या किनाऱ्यासाठी

मराठी वाचकाच्या मनात इथे वेळास येईल. रत्नागिरी जिल्ह्यातील या गावात २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जात आहेत आणि पुढे कोकणातील अनेक गावांनी हे काम हाती घेतले. वरचा हिशेब या कामाच्या विरोधात वापरला जाऊ नये. जिथे घरटी लुटली जात होती तिथे पहिल्या वर्षी जगण्याचे प्रमाण शून्याजवळ असते आणि तिथून सुरुवात करणे हाच योग्य मार्ग आहे. शिवाय ऑलिव्ह रिडले लॉगरहेडपेक्षा लवकर वयात येतात, म्हणजे त्यांची पिढी आखूड आणि पहिल्या वर्षाचा वाटा थोडा मोठा.

पण घरटी राखली जाऊ लागली की पुढचा प्रश्न लॉगरहेडसारखाच उभा राहतो. हॅचरीतून समुद्रात गेलेल्या पिल्लाला वयात यायला बरीच वर्षे लागतात आणि त्या प्रत्येक वर्षाचे वजन पहिल्या वर्षाइतकेच असते. त्या वर्षांत त्याचे काय होते? कोकणातील काही माद्यांना २०२२ मध्ये उपग्रह ट्रान्समीटर लावले गेले आणि त्या कुठे जातात हे कळू लागले. कुठे जातात हे कळल्याने कोणत्या जाळ्यांशी गाठ पडते याचा अंदाज येतो. मात्र मॅट्रिक्सला लागणारा आकडा वेगळा आहे. दरवर्षी शंभरातली किती जगतात? त्यासाठी किनाऱ्यावर येणाऱ्या माद्यांच्या खुणांच्या नोंदी वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतील. वाहून आलेल्या प्रत्येक मृत कासवाच्या कवचाची लांबी लिहून ठेवावी लागेल आणि ट्रॉलरवर अडकलेल्यांचीही नोंद घ्यावी लागेल. वाहून आलेल्या कासवाची लांबी मोजायला टेप पुरते. पण ‘एक मृत कासव आढळले’ एवढीच नोंद झाली तर ते कोणत्या अवस्थेचे होते, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

या विषयात येणाऱ्या वाचकाने आपल्या आवडीचा कोणताही प्राणी वा वनस्पती घ्यावी आणि चार प्रश्न क्रमाने विचारावेत. जगण्याच्या कोणत्या दराची लवचिकता मोठी आहे? तो दर प्रत्यक्षात किती वर नेता येईल आणि कोणत्या उपायाने? तो उपाय खरोखर त्याच अवस्थेला लागू पडतो का? आणि ज्या आकड्यांवर हे सगळे उभे आहे ते कसे मोजले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगणक क्षणात देतो. उरलेल्या तिन्हींसाठी त्या प्राण्याचे आयुष्य जवळून माहीत असलेली माणसे लागतात. मच्छीमार, घरटी राखणारे, किनाऱ्यावर रोज फिरणारे. त्यांच्याकडे असलेली माहिती मॅट्रिक्सच्या योग्य खणात कशी बसवायची, हे शिकवणे हा या क्षेत्राचा उद्देश आहे.